ठिबकमधील चुनखडी आणि पाण्याचा सामू: आम्ल नेमके कसे काम करते, किती लागते?

ठिबकच्या ड्रीपरच्या तोंडावर पांढरा थर दिसू लागला की बहुतेक शेतकरी आम्ल प्रक्रिया करतात. पण एकाच गावात एकाला तिचा लगेच फरक दिसतो, तर शेजाऱ्याच्या बागेत तेवढेच आम्ल सोडूनही काही होत नाही. तिसऱ्याच्या बाबतीत मुळांना इजा होते. तिघांनी आम्ल एकाच दुकानातून आणलेले असते. फरक असतो तो पाण्यातील बायकार्बोनेटमध्ये आणि ड्रीपरमध्ये अडकलेला थर नेमका कशाचा आहे यामध्ये. या दोन गोष्टी समजल्या तर आपल्या पाण्याला किती आम्ल लागेल हे बादलीभर पाण्यावर अर्ध्या तासात ठरवता येते.

थर मुळात बसतो कसा?

विहीर किंवा बोअरचे पाणी बाहेर येते तेव्हा स्वच्छ दिसते, आणि तेच पाणी लॅटरलमध्ये गेल्यावर पांढरा थर सोडते. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. साध्या शुद्ध पाण्यात ती जवळजवळ विरघळत नाही. एका लिटरमध्ये जेमतेम १३ ते १४ मिलिग्रॅम. मग बोअरच्या पाण्यात ती शेकडो मिलिग्रॅम कशी येते?

जमिनीत मुळे आणि सूक्ष्मजीव श्वसन करतात, त्यामुळे मातीच्या पोकळ्यांत कर्बवायूचे (कार्बन डायऑक्साइड) प्रमाण बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त असते. खाली झिरपणारे पाणी हा वायू घेते आणि किंचित आम्लधर्मी होते. असे पाणी खडकातील व मातीतील चुना विरघळवते. तो पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट या रूपात राहतो. या रूपात तो दिसत नाही आणि बसतही नाही.

पाणी वर आले की उलटा प्रवास सुरू होतो. दाब कमी होतो आणि पाण्यातील कर्बवायू हवेत निघून जातो. उन्हात तापलेल्या काळ्या लॅटरलमध्ये तो आणखी जास्त निघतो. वायू गेला की पाण्याचा सामू वाढतो, बायकार्बोनेटमधील काही भागाचे कार्बोनेट होते आणि ते कॅल्शियमला धरून बसते. पाणी बंद केल्यावर ड्रीपरच्या तोंडाशी राहिलेला थेंब वाळतो, तेव्हा उरलेला क्षारही तिथेच चिकटतो. म्हणून थर सर्वात आधी तोंडाशी दिसतो.

सामू उतरला की चुनखडी का विरघळते?

कार्बोनिक आम्ल हे सौम्य आम्ल आहे. येथे सौम्य म्हणजे पाणी घालून पातळ केलेले नव्हे. जे आम्ल आपला हायड्रोजन सहज सोडत नाही ते सौम्य. हायड्रोजन सोडायला नाखूश असलेल्या आम्लाचा उरलेला भाग, म्हणजे कार्बोनेट, हायड्रोजन मिळताच तो परत ओढून घेतो. सौम्य आम्लांच्या सर्व क्षारांचा हा स्वभाव आहे आणि आम्ल प्रक्रियेचा सगळा आधार त्यावरच आहे.

चुनखडीचा खडा पाण्यात असतो तेव्हा त्यातून थोडे कॅल्शियम आणि थोडे कार्बोनेट सतत सुटत असते आणि तितकेच परत बसत असते. या देवाणघेवाणीमुळे खडा आहे तसाच दिसतो. आता त्या पाण्यात आम्ल टाकले, तर सुटलेले कार्बोनेट हायड्रोजन घेऊन बायकार्बोनेट होते. आणखी हायड्रोजन मिळाला तर त्याचे कर्बवायू आणि पाणी होते. परत बसायला कार्बोनेट उरत नाही. म्हणून खडा सुटत राहतो आणि शेवटी संपतो. आम्ल टाकल्यावर दिसणारे बुडबुडे म्हणजे हाच कर्बवायू.

सामू ८.३ च्या पाण्यात बायकार्बोनेटच्या साधारण १ टक्का इतकेच कार्बोनेट असते. सामू एकने उतरला की हे प्रमाण दहापट कमी होते, म्हणजे ७.३ ला ते ०.१ टक्क्यावर येते. त्यामुळे थर बसू नये एवढाच हेतू असेल तर सामू ६.५ च्या आसपास ठेवणे पुरते. बसलेला थर काढायचा असेल, तर मात्र सामू बराच खाली न्यावा लागतो आणि चुन्याला पुरेल इतके आम्ल पाण्यात शिल्लक असावे लागते.

आधी थर ओळखा

आम्ल आणण्यापूर्वी एक ड्रीपर काढा किंवा लॅटरलचा शेवटचा तुकडा कापा. आतील थर खरवडून काचेच्या किंवा चिनी मातीच्या बशीत घ्या. त्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाका. (एक भाग आम्ल नऊ भाग पाण्यात हळूहळू ओतून विरल आम्ल तयार करा.)

- फसफसून विरघळला: तो कार्बोनेटचा थर आहे. आम्ल प्रक्रिया उपयोगी पडेल.
- न फसफसता विरघळला: बहुधा कॅल्शियम फॉस्फेट आहे. फॉस्फोरिक आम्लही सौम्य असल्यामुळे त्याचा क्षार आम्लात विरघळतो. फक्त त्यातून वायू निघत नाही. कठीण पाण्यातून स्फुरदयुक्त खते सोडणाऱ्या बागांत हा थर आढळतो.
- जवळजवळ तसाच राहिला: जिप्सम, गाळ किंवा बारीक वाळू असू शकते. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. सल्फ्युरिक हे तीव्र आम्ल आहे, म्हणून सल्फेटला हायड्रोजनची ओढ नसते. सामू ४ वर आणला तरी जिप्समला काही फरक पडत नाही.
- बुळबुळीत, गडद थर: शेवाळ किंवा जिवाणूंची वाढ आहे. त्यासाठी क्लोरीन प्रक्रिया लागते. ती आम्लासोबत कधीही करू नका. ब्लीचिंग पावडर किंवा हायपोक्लोराइट आणि आम्ल एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. दोन प्रक्रियांमध्ये किमान एक दिवसाचे अंतर ठेवा आणि मध्ये साध्या पाण्याने संच पूर्ण धुवा.

बादलीतील चाचणी

आम्लाची मात्रा पाण्याच्या सामूवर ठरत नाही, ती पाण्यातील बायकार्बोनेटवर ठरते. ७.८ सामूच्या दोन विहिरींपैकी एकीत बायकार्बोनेट २ आणि दुसरीत ८ मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटर असू शकते. दुसरीला चौपट आम्ल लागेल. शेजाऱ्याची मात्रा आपल्याला लागू न पडण्याचे कारण हेच आहे. पाणी तपासणीच्या अहवालात बायकार्बोनेट मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये दिले असेल तर त्याला ६१ ने भागा; मिलीइक्विव्हॅलंट मिळतील.

प्लॅस्टिकच्या बादलीत १० लिटर पाणी मोजून घ्या. प्लॅस्टिकच्या सिरिंजने एकेक मिलि आम्ल टाका, हलक्या हाताने ढवळा आणि लगेच सामू पाहा. यासाठी पीएच पेपर चालतो. मीटर असल्यास उत्तम. जोराने ढवळू नका आणि पाणी ठेवून देऊ नका. उघड्या बादलीतून कर्बवायू निघून जातो आणि सामू पुन्हा चढतो, तर बंद पाइपमध्ये तसे होत नाही. ४ च्या जवळ आल्यावर सिरिंजने फक्त दोन-तीन दशांश मिलि टाकत जा.

समजा पाण्याचा सामू ७.८ आणि बायकार्बोनेट ६ मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटर आहे. बाजारात मिळणारे ३३ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल वापरले, तर त्याच्या एका मिलिमध्ये साधारण १०.५ मिलीइक्विव्हॅलंट आम्ल असते. १० लिटर पाण्यासाठी हिशेब असा येतो:

- सामू ६.५ पर्यंत: सुमारे २.२ मिलि
- सामू ६ पर्यंत: सुमारे ३.९ मिलि
- सामू ५ पर्यंत: सुमारे ५.५ मिलि
- सामू ४ पर्यंत: सुमारे ५.८ मिलि
- सामू ३ पर्यंत: सुमारे ६.७ मिलि
- सामू २ पर्यंत: सुमारे १५ मिलि

हे आकडे नीट पाहा. ६.५ वरून ५ वर यायला तीन मिलिपेक्षा जास्त आम्ल लागते, कारण बायकार्बोनेट प्रत्येक थेंब गिळत असते. ५ वरून ४ वर यायला मात्र फक्त ०.३ मिलि पुरते, कारण बायकार्बोनेट संपलेले असते. म्हणून "अजून सामू उतरत नाही" असे पाहून अंदाजाने आम्ल वाढवणारा माणूस ५ च्या खाली एकदम घसरतो. मुळांना इजा होण्याच्या तक्रारी बहुधा येथूनच येतात.

३ वरून २ वर यायला पुन्हा आठ मिलिपेक्षा जास्त आम्ल लागते. आता बायकार्बोनेट नसले तरी सामूची पट्टीच अशी आहे की प्रत्येक पायरीला मोकळे आम्ल दहापट होते.

सामू ४ चे पाणी किती चुना काढते?

येथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. सामू ४ म्हणजे पाण्यात मोकळे आम्ल फक्त ०.१ मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटर. एक मिलीइक्विव्हॅलंट आम्ल ५० मिलिग्रॅम चुनखडी खाते, म्हणजे हे पाणी लिटरमागे अवघी ५ मिलिग्रॅम विरघळवेल. बायकार्बोनेटपासून तयार झालेला कर्बवायू पाण्यात असतो, तो थोडी मदत करतो, पण संथपणे. सामू ३ असेल तर हीच क्षमता लिटरमागे ५० मिलिग्रॅम होते.

म्हणून थर पातळ असताना, महिना-दीड महिन्याने नियमित प्रक्रिया करणाऱ्यास सामू ४ पुरतो. थर डोळ्यांना दिसत असेल तर संचाच्या सुरुवातीला सामू ३ ठेवावा. उभ्या पिकात त्याखाली जाऊ नका. एका वेळी थर सुटला नाही तर आठ-दहा दिवसांनी प्रक्रिया पुन्हा करा.

एका एकराचा हिशेब

नऊ फूट ओळीच्या द्राक्षबागेचे एक एकर घेऊ. लॅटरलची लांबी साधारण १,५०० मीटर. दर अर्ध्या मीटरवर ताशी ४ लिटरचा ड्रीपर, म्हणजे ३,००० ड्रीपर. सर्व मिळून तासाला १२,००० लिटर, मिनिटाला २०० लिटर पाणी जाते.

१. संच नेहमीच्या दाबावर चालवा. फिल्टर आणि लॅटरलची टोके आधी धुऊन घ्या.

२. आम्लाचे पाणी शेवटच्या ड्रीपरपर्यंत पोचून काही वेळ वाहायला हवे. त्यासाठी २० मिनिटे धरू. या वेळात ४,००० लिटर पाणी जाईल. सामू ३ साठी वरच्या चाचणीप्रमाणे दहा लिटरला ६.७ मिलि, म्हणजे ४,००० लिटरला सुमारे २.७ लिटर आम्ल लागेल.

३. व्हेंच्युरी मिनिटाला एक लिटर ओढत असेल तर २० मिनिटांत २० लिटर द्रावण जाईल. प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये आधी १७ लिटर पाणी घ्या, त्यात २.७ लिटर आम्ल हळूहळू ओता आणि एकूण २० लिटर करा. व्हेंच्युरीची ओढ साध्या पाण्यावर आधी मोजून घ्या. ती दाबानुसार बदलते.

४. द्रावण सुरू केल्यावर दहा मिनिटांनी पहिल्या आणि शेवटच्या ड्रीपरचे पाणी पीएच पेपरवर तपासा. पहिल्याला ३ आणि शेवटच्याला ६ दिसले, तर वाटेतील चुना आम्ल खात आहे. आम्ल काम करत असल्याची ही खूण आहे. अशा वेळी शेवटच्या ड्रीपरचा सामू ४ येईपर्यंत द्रावण सोडत राहा. लागल्यास वीस लिटर आणखी तयार करा. दोन्हीकडे ७ दिसत असेल, तर आम्ल कमी पडते आहे किंवा व्हेंच्युरी ओढत नाही.

५. शेवटच्या ड्रीपरला सामू ४ आला की पंप बंद करा आणि पाणी रात्रभर, शक्य असल्यास २४ तास, लॅटरलमध्ये तसेच राहू द्या.

६. दुसऱ्या दिवशी पूर्ण दाबाने पाणी सोडा. आधी सबमेनचा फ्लश व्हॉल्व्ह आणि मग चार-पाच लॅटरलची टोके एका वेळी उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. ही पायरी टाळली तर सुटलेले चुन्याचे पापुद्रे पुढच्या ड्रीपरमध्ये जाऊन अडकतात, आणि मग "आम्लानंतर ड्रीपर जास्त बंद झाले" अशी तक्रार येते.

फरक पडला की नाही, कसे पाहाल?

प्रक्रियेपूर्वी बागेच्या वेगवेगळ्या भागांतील वीस ड्रीपरना खुणा करा. प्रत्येकाखाली तीन मिनिटे भांडे धरा. ताशी ४ लिटरच्या ड्रीपरमधून तीन मिनिटांत २०० मिलि पाणी यायला हवे. सरासरी १८० मिलिच्या खाली गेली तर प्रक्रियेची वेळ झाली असे समजा. प्रक्रियेनंतर तेच ड्रीपर, त्याच दाबावर, पुन्हा मोजा.

पूर्ण बंद झालेले ड्रीपर मात्र सहसा उघडत नाहीत. ज्यातून पाणीच वाहत नाही त्यात नवे आम्ल पोचत नाही. आतले थोडे आम्ल थराने लगेच संपवलेले असते. असे ऑनलाइन ड्रीपर काढून विरल आम्लात बुडवावेत. इनलाइन लॅटरलमध्ये तेही शक्य नसते. त्यामुळे प्रवाह दहा टक्के घटला असतानाच प्रक्रिया करणे स्वस्त पडते.

कोणते आम्ल?

हायड्रोक्लोरिक स्वस्त आहे, पण त्यासोबत क्लोराइड जाते. नायट्रिक व फॉस्फोरिक आम्लातून नत्र आणि स्फुरद मिळते, त्यांचा हिशेब खतात धरा. फॉस्फोरिक वापरताना सामू खालीच राहील याची खात्री करा. कॅल्शियम भरपूर असलेल्या पाण्यात ते अपुऱ्या मात्रेने सोडले, तर सामू ७ च्या आसपास राहतो आणि कॅल्शियम फॉस्फेटचा नवा थर बसतो. संहत सल्फ्युरिक आम्ल एका मिलिमागे हायड्रोक्लोरिकच्या साधारण साडेतीनपट शक्तीचे असते आणि पाण्यात मिसळताना प्रचंड तापते, म्हणून अननुभवी हातात ते नको. कोणत्याही आम्लाच्या टाकीत कॅल्शियम नायट्रेट मिसळू नका.

आम्ल नेहमी पाण्यात ओता, पाणी आम्लात कधीही ओतू नका. रबरी हातमोजे आणि चष्मा घाला, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून काम करा. आम्ल पंपाच्या व धातूच्या भागांच्या पुढे सोडावे. लोखंडी आणि पितळी जोड त्याने झिजतात. नॉन रिटर्न व्हॉल्व्ह चालू आहे ना हे पाहा, नाहीतर वीज गेल्यावर आम्लाचे पाणी विहिरीत परत येऊ शकते.

हेच आम्ल जमिनीचा सामू का उतरवत नाही?

चुनखडीयुक्त जमिनीत ठिबकमधून आम्ल सोडून सामू कमी करण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. हिशेब करून पाहा. एका एकरात वरच्या १५ सेंटिमीटर थरात साधारण ८०० टन माती असते. मुक्त चुन्याचे प्रमाण फक्त १ टक्का धरले तरी ८ टन चुना होतो. तो संपवायला जवळपास ८ टन सल्फ्युरिक आम्ल लागेल. आपल्या अनेक चुनखडीच्या जमिनींत हे प्रमाण पाच-दहा टक्के असते. चुना संपेपर्यंत तो प्रत्येक थेंब खातो आणि सामू पुन्हा ८ च्या आसपास येतो. वरच्या बादलीत बायकार्बोनेट जे करत होते तेच येथे चुना करतो, फक्त त्याचा साठा कितीतरी मोठा आहे.

त्यामुळे ठिबकमधील आम्लाचा उपयोग पाइप व ड्रीपर मोकळे ठेवणे, आणि मुळांजवळच्या ओल्या भागात सामू काही तास उतरवून लोह-जस्तासारखी अन्नद्रव्ये थोडी मोकळी करणे, एवढाच आहे. पाने पिवळी पडत असतील तर चुनखडीच्या जमिनीत चिलेटयुक्त लोह किंवा फवारणी हा मार्ग घ्यावा. जमिनीचा सामू उतरवण्यासाठी लिटरभर आम्लावर पैसे घालू नयेत. पुढच्या प्रक्रियेपूर्वी पाण्याचा अहवाल काढून त्यातील बायकार्बोनेटचा आकडा पाहा आणि बादलीतील चाचणी एकदा करून आपल्या पाण्याची मात्रा पंपाजवळच्या भिंतीवर लिहून ठेवा. उन्हाळ्यात पाणी खोल गेल्यावर क्षार वाढतात, तेव्हा ती चाचणी पुन्हा करावी लागते.